शब्द बरोबर, तरी गेमने नाकारला? मित्राला कारण सांगताना या चुका टाळा

शब्दांच्या ऑनलाइन गेममध्ये मित्राने ‘दऱ्या’ टाइप केला आणि गेमने ‘असा शब्द नाही’ असं सांगून तो परत पाठवला. आता तो तुम्हाला विचारतोय, चुकलं कुठे? शब्द तर शुद्ध आहे, ‘दरी’चं सरळ अनेकवचन. अशा वेळी घाईने पाठवलेलं उत्तर बहुतेकदा चुकीचं निघतं.

पहिली चूक म्हणजे ‘गेमला मराठी येत नाही’ म्हणून विषय संपवणं. गेम शब्दाचा अर्थ बघत नाही. त्याच्याकडे शब्दांची एक यादी असते आणि टाइप केलेला शब्द तिच्यातल्या एखाद्या शब्दाशी तंतोतंत जुळतो का, एवढंच तो तपासतो. यादी शब्दकोशातल्या मूळ शब्दांवरून केली असेल, तर ‘दरी’ चालेल पण ‘दऱ्या’ चालणार नाही, ‘घर’ चालेल पण ‘घरात’ नाही. ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच. सध्याच्या लेखननियमांनुसार ‘कवी’ दीर्घ लिहितात, त्यामुळे जुन्या पुस्तकांतला ‘कवि’ अशा यादीत सापडत नाही.

पण ‘दऱ्या’च्या बाबतीत अनेकवचनावर लगेच बोट ठेवू नका. इथे दुसरंही कारण असू शकतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. ‘ऱ्य’मधला आडवा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठवता येतो. एक म्हणजे ‘ऱ’ हे वेगळं अक्षर आणि त्यापुढे हलन्त. दुसरा म्हणजे साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचं एक अदृश्य चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात, पण तुलना करताना गेमला ते दोन वेगळे शब्द वाटतात. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण केलं तरी हे दोन प्रकार एक होत नाहीत, म्हणून ही अडचण चांगल्या गेममध्येही राहून जाते.

कारण यांपैकी कोणतं, हे मित्राला दोन शब्द टाकायला सांगून कळतं: ‘नद्या’ आणि ‘तऱ्हा’. ‘नद्या’ अनेकवचन आहे, पण त्यात आडवा र नाही. ‘तऱ्हा’मध्ये आडवा र आहे, पण तो मूळ शब्द आहे. ‘नद्या’ नाकारला आणि ‘तऱ्हा’ स्वीकारला, तर यादीत अनेकवचनं नाहीत. उलट झालं तर दोष साठवणुकीचा. दोन्ही नाकारले गेले तर मात्र एवढ्यावर निकाल देता येत नाही.

दुसरी चूक स्क्रीनशॉट मागवण्याची. अदृश्य चिन्ह चित्रात कुठून दिसणार? मित्राने टाइप केलेला शब्द कॉपी करून पाठवायला सांगा, आणि तो स्वतः पुन्हा टाइप करू नका. तुमचा कीबोर्ड वेगळा असेल तर शब्दच बदलेल. संगणकावर ब्राउझरमध्ये F12 दाबा, कन्सोल उघडा आणि अवतरणचिन्हांत तो शब्द पेस्ट करून हे चालवा (क्रोमने पेस्ट अडवलं तर आधी `allow pasting` टाइप करा):

```
[..."दऱ्या"].map(c => c.codePointAt(0).toString(16))
```

उत्तरात `931` दिसला तर ‘ऱ’ आहे. `930`, `94d`, `200d` असा क्रम दिसला तर साधा र आणि अदृश्य चिन्ह आहे.

अदृश्य चिन्ह निघालं, तर मित्राला असा मेसेज पाठवा:

“तुझा शब्द बरोबर आहे. तुझा कीबोर्ड ‘ऱ्य’ साध्या र पुढे अदृश्य चिन्ह घालून लिहितो, गेमच्या यादीत तो ‘ऱ’ने लिहिलाय. कीबोर्डवर ‘ऱ’ची वेगळी की शोध, त्यानंतर हलन्त, मग ‘या’. संगणकावर इनस्क्रिप्ट असेल तर o, Shift+j, d, /, e या क्रमाने दाब. तरी नाही चाललं तर मला सांग, यादीच उलटी असेल.”

गेमचा स्वतःचा कीबोर्ड पडद्यावर असेल आणि अक्षरं त्यावरूनच निवडायची असतील, तर हा मेसेज पाठवू नका. तिथे कीबोर्डचा फरक येतच नाही, तेव्हा यादीच तपासा.

आणखी एक प्रकार जास्त फसवा आहे. काही गेम अदृश्य चिन्हं सरळ काढून टाकतात. मग ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, म्हणजे समुद्र, आणि तो यादीत असल्यामुळे स्वीकारलाही जातो. मित्र म्हणेल ‘शब्द चालला, पण उत्तराशी जुळला नाही’. त्याच गेममध्ये ‘तऱ्हा’चा ‘तर्हा’ होऊन नाकारला जातो. गेम बनवणाऱ्यांना कळवताना ‘चिन्ह काढा’ असं लिहू नका. ‘`930 94d 200d` आलं की त्याजागी `931 94d` धरा, आणि हाच बदल शब्दयादीवरही करा’ असं लिहा.