समतोल कुठे सरकतो हे पाठ न करता कसं ओळखायचं (बारावीवाल्यांसाठी)

बारावीच्या मुलांना केमिस्ट्री शिकवताना एक गोष्ट मला सतत दिसते, ल शातलिएचा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो, "बदल केला की समतोल त्या बदलाला विरोध करतो", पण प्रश्न जरा फिरवून विचारला की अंदाजपंचे सुरू. म्हणून माझं म्हणणं असं की आधी Qc आणि Kc ची तुलना करायची सवय लावा, नियम मग आपोआप कळतो. Kc म्हणजे समतोलाला असलेलं गुणोत्तर, आणि Qc म्हणजे तेच गुणोत्तर पण आत्ता या क्षणाला भांड्यात जे आहे त्याचं. Qc मोठा झाला तर रिअ‍ॅक्शन मागे जाणार, लहान झाला तर पुढे, बस.

एकच उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत नेऊ.

N2O4 ⇌ 2NO2

N2O4 ला रंग नाही, NO2 तपकिरी, त्यामुळे समतोल कुठे सरकला ते डोळ्यांना दिसतं (NO2 विषारी आहे, हा प्रयोग सरांनी फ्यूम हूडमध्ये दाखवायचा, घरी नाही). समजा बंद सिरिंजमध्ये N2O4 ०.१० आणि NO2 ०.२० मोल प्रति लिटर आहे आणि समतोल झालेला आहे. मग

Kc = (०.२०)² / ०.१० = ०.४०

आता दट्ट्या दाबून आकारमान निम्मं करा. दोन्ही कॉन्सन्ट्रेशन क्षणात दुप्पट, म्हणजे ०.२० आणि ०.४०. आता

Qc = (०.४०)² / ०.२० = ०.८०

NO2 चा वर्ग आहे ना, म्हणून वरची बाजू चौपट झाली आणि खालची फक्त दुप्पट. "कमी मोलच्या बाजूला सरकतो" असं जे आपण म्हणतो त्याचं मूळ या वर्गात आहे, दोन्हीकडे वायूचे मोल सारखे असते तर वरखाली सारखंच वाढलं असतं आणि काहीच सरकलं नसतं. इथे Qc मोठा, म्हणून रिअ‍ॅक्शन मागे जाते, NO2 एकत्र येऊन N2O4 बनतो. x मोल प्रति लिटर N2O4 बनला असं धरून गणित सोडवलं की NO2 साधारण ०.३१ वर आणि N2O4 ०.२४ वर थांबतो.

आता हे आकडे नीट बघा, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं. NO2 ०.४० वरून ०.३१ वर आला, पण सुरुवातीच्या ०.२० पेक्षा तो अजून जास्तच आहे. म्हणून सिरिंजकडे बाजूने बघितलं तर दाबल्याबरोबर रंग गडद होतो, मग थोडा फिका होतो, पण पहिल्याइतका फिका होतच नाही. समतोल बदल पूर्ण पुसून टाकत नाही, फक्त थोडा कमी करतो. "मागे सरकला म्हणजे रंग आधीपेक्षा फिका" असं लिहिलंत की मार्क गेले.

प्रेशरबद्दल अजून एक, आकारमान तेच ठेवून आत हेलियम सोडला तर एकूण प्रेशर वाढतं पण N2O4 आणि NO2 ची कॉन्सन्ट्रेशन जिथल्या तिथे, Qc बदलत नाही, समतोल हलत नाही. तोच हेलियम एकूण प्रेशर कायम ठेवून सोडला तर आकारमान वाढतं, दोन्ही वायू विरळ होतात, Qc कमी होतो आणि रिअ‍ॅक्शन पुढे जाते. प्रश्नात "स्थिर आकारमान" आहे की "स्थिर दाब" ते आधी वाचा.

कॉन्सन्ट्रेशनचं सोपं आहे, नुसता N2O4 वाढवला तर खालची बाजू वाढली, Qc लहान, रिअ‍ॅक्शन पुढे. NO2 वाढवला तर उलट. Kc दोन्ही वेळा ०.४०च.

टेम्परेचरची गोष्ट मात्र वेगळी, कारण इथे Qc जागेवर राहतो आणि Kc स्वतःच बदलतो. N2O4 फुटायला उष्णता लागते, मोलमागे साधारण ५७ किलोज्यूल, त्यामुळे गरम केल्यावर Kc वाढतो. बंद आकारमानात आत्ताचा Qc ०.४० आहे आणि Kc त्याच्या वर गेला, म्हणजे रिअ‍ॅक्शन पुढे, रंग गडद. बर्फाच्या पाण्यात तेच बंद भांडं धरलं की Kc खाली येतो आणि रंग फिका पडतो. उष्णता देणाऱ्या रिअ‍ॅक्शनमध्ये हे सगळं उलटं.

आणि दाबलंही आणि गरमही केलं असा प्रश्न आला तर? दाबल्याने मागे, गरम केल्याने पुढे, तेव्हा नुसत्या नियमावरून उत्तर देताच येत नाही. नवीन टेम्परेचरचा Kc दिलेला असेल तर दाबल्यानंतरच्या ०.८० शी त्याची तुलना करा, तो ०.८० पेक्षा जास्त असेल तर पुढे, कमी असेल तर मागे, आणि Kc दिलाच नसेल तर "सांगता येत नाही" हेच बरोबर उत्तर.