सीएमटी पॅडल चाचणी: सुप्त कासदाह शोधताना या चुका टाळा

सुप्त कासदाहात दूध पांढरेशुभ्र दिसते, गाठी नसतात, कास सुजत नाही. बदललेली असते ती दुधातील पेशींची संख्या. सीएमटी म्हणजे कॅलिफोर्निया मास्टायटिस टेस्ट; तिच्या द्रावणातील डिटर्जंट या पेशी फोडते, त्यांतील डीएनए बाहेर पडून मिश्रण घट्ट होते आणि ते जितके घट्ट, तितक्या पेशी जास्त.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे बादलीतील एकत्र दूध तपासणे. समजा, कासेच्या चारपैकी तीन कप्प्यांच्या दुधात प्रति मिलिलिटर 1 लाख पेशी आहेत आणि मागच्या उजव्या कप्प्यात 12 लाख. चारही कप्प्यांनी सारखेच दूध दिले, तर बादलीतील सरासरी पावणेचार लाखांवर येते आणि मिश्रण इतके किंचित दाटते, की पाहणारा ‘गाय चांगली आहे’ असे म्हणून मोकळा होतो. पॅडलला चार वाट्या दिलेल्या आहेत त्या यासाठीच. दांडा नेहमी एकाच दिशेला धरावा, म्हणजे कोणती वाटी कोणत्या सडाची याचा घोळ होत नाही.

चाचणी धार काढण्यापूर्वी करावी. सड पुसून पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या भांड्यात टाकाव्यात, मग प्रत्येक वाटीत दूध घ्यावे आणि पॅडल तिरपे करून सुमारे 2 मिलिलिटर ठेवून बाकीचे ओतून द्यावे. तेवढेच द्रावण घालावे. दूध जास्त राहिले, तर प्रतिक्रिया फिकी दिसते. पॅडल आडवे गोल फिरवत साधारण 10 सेकंदांनी, फिरवणे चालू असतानाच निकाल वाचावा. हलका दाटपणा पुढे फिरवत राहिल्यास विरून जातो, त्यामुळे ‘थांबा, चष्मा आणतो’ म्हणणाऱ्याच्या हाती चुकीचा निकाल पडतो. वरील गाईच्या तीन वाट्यांत मिश्रण पाण्यासारखे वाहील, चौथीत मात्र वाटी तिरपी करताच ते दाट होऊन सरकताना दिसेल. फार तीव्र संसर्गात मिश्रणाचा गोळा मध्यभागी उंचावतो. गडद होणारा जांभळा रंग दुधाचा अल्कधर्मीपणा दाखवतो. तो दुय्यम खूण मानावा आणि निर्णय दाटपणावरून घ्यावा.

चारही वाट्या सारख्याच दाटल्या, तर आधी तारीख पाहावी. व्यायल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात, चीक असताना, तसेच गाय आटण्याच्या सुमारास पेशी नैसर्गिकरीत्याच वाढतात. संसर्ग बहुधा एखाद्या-दुसऱ्या कप्प्यात असतो, म्हणून कप्प्याकप्प्यांतील फरक महत्त्वाचा.

दाट वाटी दिसताच सडात प्रतिजैविकाची ट्यूब सोडणे ही घाई आहे, कारण ही चाचणी जंतूची ओळख सांगत नाही. त्या कप्प्याचे दूध, औषध देण्यापूर्वीच, निर्जंतुक बाटलीत घेऊन बर्फावर प्रयोगशाळेत पाठवावे आणि उपचार पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठरवावा. तोपर्यंत ती गाय सर्वांत शेवटी पिळावी.