पनीर ओळखताना या चुका टाळा

मी एकदा चांगलं पनीर रबरासारखं लागतंय म्हणून फेकून दिलं आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या दुकानातून आणलेल्या मऊ, पांढऱ्याशुभ्र वडीचं कौतुक केलं. पाकीट नंतर नीट वाचलं, तेव्हा कळलं की ती पनीरसारखी बनवलेली, तेल आणि स्टार्चची वडी होती. पारख केली होती बोटांनी, आणि चूक तिथेच झाली.

मऊ म्हणजे अस्सल, हा पहिला गैरसमज. फ्रीजमधलं पनीर, त्यातही दाबून हवाबंद पॅक केलेलं, घट्ट आणि चिवट लागतंच. दहा मिनिटं गरम पाण्यात ठेवा, मग तुकडा हाताने मोडा. दुधाच्या पनीरचं तुटलेलं तोंड खडबडीत, दाणेदार दिसतं. दही बांधून दाबल्यावर जशी भेग पडते तसं. अॅनालॉग, म्हणजे दुधाऐवजी तेल-स्टार्च घालून पनीरसारखी बनवलेली वडी, बऱ्याचदा सुरीने कापल्यासारखी गुळगुळीत तुटते किंवा आधी वाकते. टोफूही गुळगुळीतच असतो, पण दाबला की पाणी सोडतो आणि कच्चा हुंगला तर सोयाबीनचा वास येतो. रंगावर मात्र विसंबू नका: म्हशीच्या दुधाचं पनीर पांढरंच असतं, गाईचं पिवळसर. मोडून पाहण्यानेही शंका येते एवढंच, निकाल लागत नाही.

मग लोक आयोडीनकडे वळतात. चाचणी चांगली आहे, पण ती घाईत करतात. तुकडा पाण्यात उकळून, पूर्ण गार होऊ द्या, मग टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. गरम असताना टाकलं तर स्टार्च असूनही निळा रंग दिसत नाही, आणि आपण खुश होऊन जेवायला बसतो. दुसरी गडबड म्हणजे आयोडीनचा स्वतःचा पिवळा-तपकिरी डाग पाहून घाबरणं. स्टार्चची खूण तो डाग नव्हे, निळा-काळा रंग. शंका असेल तर शेजारी बटाट्याच्या कापावर एक थेंब टाका. स्टार्च असला की काय दिसतं ते समोरच कळतं. (बटाटा चिरलेल्या सुरीनेच पनीर कापलं असेल तर तेही निळं होईल, आणि कॉर्नफ्लोअर लावून तळलेल्या तुकड्यावर तर चाचणी करूच नये.) तपासलेला तुकडा खायचा नाही.

आता या चाचणीची मर्यादा, जी बहुतेकजण विसरतात. आयोडीन फक्त स्टार्च दाखवतं. दुधाच्या फॅटऐवजी पामतेल घालून, स्टार्च न वापरता केलेली वडी निळी होणार नाही. टोफूही होणार नाही, कारण सोयाबीनमध्ये स्टार्च जवळजवळ नसतोच. निळं झालं तर स्टार्च नक्की. नाही झालं तर 'हे पनीरच आहे' असं सिद्ध होत नाही.

म्हणून पाकीट वाचावं, आणि पुढची बाजू सोडून मागची. 'मलई', 'फ्रेश' हे शब्द काहीच सांगत नाहीत. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते. पनीरच्या यादीत दूध किंवा दुधाचे घन पदार्थ आणि सायट्रिक अॅसिडसारखं (INS 330) फाडण्याचं आम्ल, फार तर थोडे आणखी घटक. पामतेल, खाद्य वनस्पती तेल, मॉडिफाइड स्टार्च किंवा त्याचा INS 1422 सारखा 14 ने सुरू होणारा चार आकडी क्रमांक दिसला, की ते अॅनालॉग. असा माल विकायला बंदी नाही. तो अॅनालॉग आहे हे लपवून पनीर म्हणून विकणं चूक आहे. टोफूच्या यादीत सोयाबीन, पाणी आणि सोयादूध फाडायला कॅल्शियम सल्फेट किंवा मॅग्नेशियम क्लोराइड असतं. 'सोया पनीर' लिहिलं असलं तरी तो टोफूच.

माझ्या त्या दोन पाकिटांचंच पाहा. शंभर ग्रॅममागे फेकलेल्या पनीरवर फॅट 24 ग्रॅम, प्रथिनं 18, कर्बोदकं 2 होती. मऊ वडीवर फॅट 22, प्रथिनं 9, कर्बोदकं 12. नियमाप्रमाणे साध्या पनीरमध्ये पाणी 60 टक्क्यांहून जास्त नको आणि कोरड्या भागात दुधाचं फॅट किमान 50 टक्के हवं. म्हणजे 60 टक्के पाणी धरलं तर 100 ग्रॅमला 20 ग्रॅम फॅट. दोन्ही पाकिटं या आकड्यात बसत होती, कारण पामतेलही फॅटच. फरक दिसला तो कर्बोदकांत. 12 ग्रॅम दुधातून पनीरमध्ये येत नाहीत, कारण दुधातली साखर बहुतांश निवळीबरोबर निथळून जाते. ते स्टार्चमधून आले होते.

सुट्या पनीरला लेबलच नसतं. तिथे विचारायचं, मोडून बघायचं, आणि घरी आणून आयोडीन लावायचं, तेही गार झाल्यावर.