मास्क, सीड, स्ट्रेंग्थ: फोटोतला लाल शर्ट निळा करताना

समजा, चित्रं बनवणाऱ्या AI टूलमध्ये फोटोतला लाल शर्ट निळा करायचाय. आधी शर्टावर ब्रश फिरवून जो भाग रंगवता, तो मास्क. बहुतेक टूल्समध्ये बदल तेवढ्याच भागात होतो. मास्क अगदी कडेला चिकटवून काढला तर कॉलरभोवती लाल रेघ उरते, म्हणून तो किंचित बाहेर जाऊ द्या.

खरी गोम स्ट्रेंग्थमध्ये आहे. मूळ चित्र किती मोडायचं, हे ती ठरवते. आकडा 0 ते 1. 0.3 ला शर्ट लालच राहतो, फार तर जांभळट होतो. मग आपण प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे टूलला लिहून द्यायच्या सूचनेत, ‘निळा, निळा’ लिहीत बसतो, आणि दोष प्रॉम्प्टचा नसतोच. 0.9 ला रंग येतो, पण चुण्या, बटणं नवीनच होतात. 0.6 च्या आसपास सुरुवात करून थोडं वरखाली करा.

हे करताना सीड तोच ठेवा. सीड म्हणजे टूल सुरुवातीला चित्रात जो ठिपक्यांचा गोंधळ मिसळतं, त्याचा क्रमांक. तो दर वेळी बदलत असेल, तर फरक स्ट्रेंग्थमुळे पडला की नशिबाने, कळणार नाही.

गायडन्स म्हणजे प्रॉम्प्टला किती घट्ट धरायचं. स्टेबल डिफ्यूजनच्या जुन्या मॉडेल्सना 7 च्या आसपास ठीक. फार वाढवलात तर रंग भडक, करपल्यासारखे दिसतात.

नेमकी निळी छटा शब्दांत सांगता येत नसेल, तर तसं कापड दाखवणारा दुसरा फोटो द्या. तो रेफरन्स: त्यातून फक्त इशारा घेतला जातो, तो जसाच्या तसा चिकटत नाही.