डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'जन्मजात' लिहू देऊ नका

पस्तिशीत टू-डी इकोत हृदयातलं छिद्र सापडतं. नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यात ते बंद होतं, आणि 'जन्मजात आजार' म्हणून आरोग्य विम्याचा क्लेम अडतो. खरं तर शरीराच्या आतला, बाहेरून न दिसणारा जन्मजात दोष किंवा आनुवंशिक आजार सरसकट वगळायला विमा नियामकाची परवानगी नाही.

१. डिस्चार्जआधीच डॉक्टरांकडून 'अंतर्गत जन्मजात दोष' आणि पहिल्या निदानाची तारीख लिहून घ्या. पहिला इको रिपोर्ट जोडा.
२. नकार आल्यास पॉलिसीतलं नेमकं कलम लेखी मागा. बाह्य दोषाचं कलम लावलेलं असेल, तर कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जा. ३० दिवसांत दाद मिळाली नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे.

पॉलिसीआधीच निदान झालेलं असेल तर ते प्रस्तावात हवंच. तारीख पुढची लिहून घेऊ नका. जुना इको निघाला की क्लेमही जातो, पॉलिसीही.