'अँग्री ऑन' सुटत नसेल तर आधी मराठी वाक्य बदला

बाजारात 'दोनशे महत्त्वाच्या जोड्या' असे तक्ते मिळतात. डावीकडे विशेषण, उजवीकडे प्रिपोझिशन, रोज दहा पाठ करा. मी पंधरा वर्षं संध्याकाळचे इंग्रजीचे वर्ग घेतो आणि असा तक्ता पाठ करून आलेली मुलं दर वर्षी बघतो. गाळलेल्या जागा भरायला दिल्या की पैकीच्या पैकी. मग सहज विचारावं, 'काल का आला नाहीस रे?' तर उत्तर येतं, 'सर, माय फादर वॉज अँग्री ऑन मी.'

कारण सरळ आहे. बोलताना तक्ता डोळ्यांसमोर नसतो, मराठी वाक्य असतं. बाबा माझ्यावर रागावले, त्यातला 'वर' आपण उचलतो आणि 'ऑन' करून तिकडे ठेवतो. म्हणून दुरुस्ती इंग्रजीत करायचीच नाही. ती मराठी वाक्यात करायची, तोंड उघडण्याआधी.

पहिली पायरी: वहीत फक्त स्वतःची वाक्यं

गेल्या दोन दिवसांत तुम्ही खरोखर बोललेली दहा मराठी वाक्यं लिहा. कुणाचा राग, कशाची भीती, कशात रस, काय जमतं, कशाचा कंटाळा. राजा, सिंह आणि शेतकरी नकोत.

दुसरी पायरी: क्रियापद मोडून नाम करा

'मी कुत्र्याला घाबरतो.' इथे 'ला' आहे, म्हणून काहीजण 'अफ्रेड टू डॉग' म्हणतात. हिंदीत विचार करणारे 'से'च्या नादाने 'अफ्रेड फ्रॉम' म्हणतात. तेच वाक्य मराठीतच फिरवा: मला कुत्र्याची भीती वाटते. 'ची' आली की 'ऑफ' घ्या. 'अफ्रेड ऑफ डॉग्ज.'

'गर्दीला कंटाळलो' म्हणजे गर्दीचा कंटाळा आला, 'टायर्ड ऑफ क्राउड्स'. 'ती बहिणीवर जळते' म्हणजे तिला बहिणीचा हेवा वाटतो, 'जेलस ऑफ हर सिस्टर'. मुलीचा अभिमान 'प्राउड ऑफ', चुकीची लाज 'अशेम्ड ऑफ', धोक्याची जाणीव 'अवेअर ऑफ', गोडाची आवड 'फाँड ऑफ'. तक्त्यातला बराच मोठा भाग एवढ्या एका फिरवण्याने खाली बसतो, आणि पाठ काहीच करावं लागत नाही.

या युक्तीला न जुमानणारेही आहेत, त्यातले नेहमी भेटणारे चौघे लक्षात ठेवा. काळजी, उत्सुकता, सवय आणि राग. परीक्षेची काळजी 'वरीड अबाउट', निकालाची उत्सुकता 'क्युरियस अबाउट', थंडीची सवय 'यूज्ड टू'. चौथा सगळ्यात चिवट, त्याच्याकडे लगेच येतो.

तिसरी पायरी: जे जुळतं त्याला हात लावू नका

इतिहासात रस, 'इंटरेस्टेड इन हिस्ट्री'. चादरींसाठी प्रसिद्ध, 'फेमस फॉर'. वडिलांवर अवलंबून, 'डिपेंडंट ऑन'. पुढे चला.

चौथी पायरी: राग

इथे मी स्वतः आपटलोय, म्हणून जरा थांबून सांगतो. पहिली नोकरी पुण्यात, वय बावीस. एका पुरवठादाराला मेल लिहायचा होता की माल उशिरा पोहोचल्यामुळे आमचे साहेब नाराज आहेत. मी लिहिलं, 'अवर मॅनेजर इज व्हेरी अँग्री ऑन यू.' पाठवण्याआधी शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, 'अरे, साहेब काय त्यांच्या खांद्यावर बसून रागावलेत का?' मेल गेला नाही ते नशीब, पण ते चित्र डोक्यातून आजतागायत गेलेलं नाही. आता वर्गात मी तेच चित्र फळ्यावर काढतो. 'अँग्री ऑन' ओठांवर आलं की माणसाच्या खांद्यावर बसलेला साहेब आठवायचा. तक्त्यापेक्षा हे जास्त टिकतं.

'ऑन' काढल्यावर काय घालायचं, ही खरी अडचण, कारण इथे उत्तर एक नाही. स्वतःला एकच प्रश्न विचारा: राग माणसाचा की गोष्टीचा? माणसाचा असेल तर 'विथ'. 'आय ॲम अँग्री विथ माय ब्रदर.' गोष्टीचा असेल तर 'अबाउट'. 'आय ॲम अँग्री अबाउट द बिल.' आणि माणूस सांगून वर त्याचा अपराधही सांगायचा असेल तर त्यापुढे 'फॉर' आणि 'इंग'चं रूप: 'आय ॲम अँग्री विथ माय ब्रदर फॉर टेकिंग माय बाइक.' एकाच वाक्यात दोन प्रिपोझिशन आली म्हणून दचकू नका, मराठीतही 'भावावर' आणि 'गाडी नेल्याबद्दल' असे दोन तुकडे असतातच.

मग 'ॲट'चं काय, हा प्रश्न हमखास येतो. 'अँग्री ॲट हिम' बरोबर आहे, अमेरिकेत तर सर्रास बोलतात, आणि 'ॲट' गोष्टीलाही चालतं. 'विथ' की 'ॲट' यावर तासभर वाद घालणारे शिक्षक मी पाहिलेत. त्यात वेळ घालवू नका. माणसाला 'विथ' धरून चाला, कुणी 'ॲट' म्हणालं तर चूक काढू नका. चूक फक्त 'ऑन' आहे.

'माणूस की गोष्ट' हा प्रश्न रागाच्या अख्ख्या भावकीला लागू पडतो. नवऱ्यावर नाराज, 'अपसेट विथ'. रद्द झालेल्या सहलीमुळे नाराज, 'अपसेट अबाउट'. वैतागलेला 'अनॉइड' आणि भडकलेला 'फ्युरियस' यांनाही माणसासाठी 'विथ' चालतं. 'वर'चा उलटा अवतारही विसरू नका. साहेब माझ्यावर खूश आहेत, याचं 'हॅपी ऑन मी' होत नाही. 'हॅपी विथ माय वर्क', 'प्लीज्ड विथ मी'. खांद्यावर बसून कुणी खूशही होत नाही.

पाचवी पायरी: 'गुड'ला चार दारं

'गणितात हुशार' यातला 'त' आपल्याला 'गुड इन मॅथ्स'कडे ढकलतो. शाळेच्या विषयांपुरतं हे कानावर पडतं, पण कौशल्य म्हणजे 'ॲट' हीच सवय लावा. 'गुड ॲट मॅथ्स', 'बॅड ॲट ड्रॉइंग', 'टेरिबल ॲट पार्किंग'.

बाकीची दारं वाक्यातच दिसतात. सुनीता मुलांशी प्रेमाने वागते, 'गुड टू चिल्ड्रन'. तिला मुलं सांभाळायची हातोटी आहे, 'गुड विथ चिल्ड्रन'. दूध मुलांसाठी चांगलं, 'गुड फॉर चिल्ड्रन'. मुलाखतीत पाळणाघराच्या नोकरीसाठी 'आय ॲम गुड फॉर चिल्ड्रन' म्हणालात तर तुम्ही दुधाच्या रांगेत जाऊन बसता.

सहावी पायरी: पुढे क्रियापद आलं तर

प्रिपोझिशननंतर क्रियापद आलं की त्याला 'इंग' लागतो. 'इंटरेस्टेड इन बाइंग', 'गुड ॲट कुकिंग'. नियम एवढाच, पण दोन खड्डे आहेत.

पहिला 'यूज्ड टू'. 'मला लवकर उठायची सवय आहे' म्हणजे 'आय ॲम यूज्ड टू गेटिंग अप अर्ली'. इथला 'टू' प्रिपोझिशन आहे, म्हणून 'गेटिंग'. त्यातला 'ॲम' गाळून 'आय यूज्ड टू गेट अप अर्ली' म्हणालात तर अर्थच फिरतो: पूर्वी उठायचो, आता नाही. अक्षरशः एका 'ॲम'चा प्रश्न आहे, आणि नोकरीच्या मुलाखतीत तो महागात पडू शकतो.

दुसरा 'अफ्रेड'. इथे मराठी चक्क मदत करते. 'मी विहिरीत उतरायला घाबरतो', म्हणजे भीतीपोटी उतरत नाही: 'अफ्रेड टू गो इन'. 'मला बुडायची भीती वाटते', म्हणजे नको असताना ते घडेल ही धास्ती: 'अफ्रेड ऑफ ड्राउनिंग'. 'यला' आलं तर 'टू', 'यची' आली तर 'ऑफ' आणि 'इंग'. बुडायला कुणी घाबरत नाही, बुडायची भीती वाटते. हा फरक आपण लहानपणापासून न चुकता करतो, तो नुसता तिकडे न्यायचा.

एक वाक्य शेवटपर्यंत

वर्गातल्या एका ताईंनी आणलेलं वाक्य: 'मी घरमालकावर रागावलेय, त्यांना गळती काढण्यात रस नाही आणि मी सांगून सांगून कंटाळलेय.' त्यांचं पहिलं इंग्रजी असं होतं: 'आय ॲम अँग्री ऑन लँडलॉर्ड, ही इज नॉट इंटरेस्टेड टू रिपेअर लीकेज, आय ॲम टायर्ड टू टेल.'

घरमालक माणूस, म्हणून 'अँग्री विथ माय लँडलॉर्ड'. काढण्यात रस, 'त' म्हणून 'इन', पुढे क्रियापद म्हणून 'इंग': 'नॉट इंटरेस्टेड इन फिक्सिंग द लीक'. 'इंटरेस्टेड टू' असंही इंग्रजी आहे, पण ते 'इंटरेस्टेड टू नो', 'इंटरेस्टेड टू हिअर' अशा काही जाणून घेण्याच्या वाक्यांत. दुरुस्ती करण्यात रस असेल तर 'इन'. 'सांगून कंटाळले' हे आधी फिरवलं: सांगण्याचा कंटाळा आला. 'चा' म्हणजे 'ऑफ': 'टायर्ड ऑफ टेलिंग हिम'. 'टायर्ड टू टेल' ऐकणाऱ्याला वाटेल, बाईंच्या अंगात बोलण्याचंही त्राण उरलेलं नाही.

तपासायचं कसं

शिकणाऱ्यांसाठी असलेल्या इंग्रजी शब्दकोशात विशेषण उघडा. अर्थाशेजारी ठळक अक्षरांत सोबतचं प्रिपोझिशन छापलेलं असतं. मोफत भाषांतर करणाऱ्या साइटवर मराठी वाक्य टाकून तपासू नका, तुमच्या वाक्यात नेमकं काय चुकलं ते तिथे कळत नाही.

वहीतली दहा वाक्यं अशी सुधारून झाली की बंद करून मोठ्याने बोला, दुसऱ्या दिवशी नवी दहा. महिनाभरात 'ऑन' गळून पडतो. सगळ्यात शेवटी सुटतो तो 'मॅरीड विथ', कारण मराठीत लग्न कुणाशी तरी होतं. 'शी इज मॅरीड टू अ डॉक्टर' म्हणायचं. 'मॅरीड विथ टू चिल्ड्रन' मात्र बरोबर आहे. त्याचा अर्थ तिचं लग्न झालंय आणि दोन मुलं आहेत, एवढाच.