मास्टर्सच्या पहिल्याच महिन्यात येणारी भरती

ब्रिटनमध्ये एका वर्षाच्या मास्टर्ससाठी येणाऱ्या विद्यार्थ्याने सर्वांत आधी भरतीचे वेळापत्रक समजून घ्यावे. अभ्यासक्रम सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतो. मोठ्या कंपन्यांच्या ग्रॅज्युएट स्कीम म्हणजे नव्या पदवीधरांना पुढील वर्षीच्या सप्टेंबरच्या सुमारास रुजू करून दोन-तीन वर्षे प्रशिक्षणासह नोकरी देणाऱ्या योजना. त्यांचे अर्ज मात्र बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच खुले होतात आणि अनेकांची मुदत ऑक्टोबर ते डिसेंबरदरम्यान संपते. वसतिगृहात सामान लावून होण्यापूर्वीच भरतीचा पहिला टप्पा सुरू झालेला असतो.

जाहीर केलेली अंतिम तारीखही पुष्कळदा खरी नसते, हे मला उशिरा कळले. एका योजनेची मुदत ३० नोव्हेंबर होती, म्हणून मी दोन आठवडे सीव्ही सुधारत बसलो आणि २० तारखेला संकेतस्थळ उघडले, तेव्हा ती योजना बंद झालेली होती. अनेक कंपन्या ‘रोलिंग’ पद्धतीने, म्हणजे येतील तसे अर्ज तपासून जागा भरत जातात आणि जागा भरल्या की मुदतीपूर्वीच अर्ज थांबवतात. जाहिरातीत हा शब्द दिसला, तर अर्ज पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच गेला पाहिजे.

अर्जात व्हिसाबद्दल विचारतात: तुम्हाला आता किंवा पुढे स्पॉन्सरशिप, म्हणजे नोकरीच्या व्हिसासाठी कंपनीचे प्रायोजकत्व, लागेल का? अभ्यासक्रमानंतर स्पॉन्सरशिपशिवाय नोकरी करू देणारा ग्रॅज्युएट व्हिसा सध्या दोन वर्षांचा आहे, परंतु १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना तो अठरा महिन्यांचाच मिळेल. चार्टर्ड अकाउंटन्सीचे प्रशिक्षण साधारण तीन वर्षे चालते, त्यामुळे तेथे मधेच कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर मिळणाऱ्या स्किल्ड वर्कर व्हिसाची गरज पडणारच. अशा वेळी ‘नाही’ हे उत्तर खोटे ठरते. परवानाधारक स्पॉन्सर कंपन्यांची यादी सरकारच्या GOV.UK या संकेतस्थळावर आहे. यादीत नाव असणारी कंपनी या विशिष्ट योजनेसाठी स्पॉन्सर करेलच असे मात्र नाही, म्हणून भरती विभागाला आधी ई-मेल पाठवून लेखी उत्तर घ्यावे.

अर्ज गेल्यावर, अनेकदा काही दिवसांतच, ऑनलाइन चाचणीचा दुवा येतो. त्यातील अंकगणित शाळेतलेच असते; अडचण वेळेची आणि वाचनाची असते, कारण प्रत्येक प्रश्नाला जेमतेम मिनिट-दीड मिनिट मिळते. नमुन्यादाखल असा प्रश्न घ्या: एका शाखेचे उत्पन्न २४ लाख पौंडांवरून २७.६ लाखांवर गेले आणि खर्चाचे उत्पन्नाशी प्रमाण ६५ टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आले, तर नफा किती टक्क्यांनी वाढला? घाईत ‘५’ किंवा उत्पन्नवाढीचे ‘१५’ निवडले जाते. प्रत्यक्षात नफा आधी २४ लाखांच्या ३५ टक्के, म्हणजे ८.४ लाख होता आणि नंतर २७.६ लाखांच्या ४० टक्के, म्हणजे ११.०४ लाख झाला. वाढ २.६४ लाखांची, तिला ८.४ ने भागले की ३१.४ टक्के येतात. नव्या नफ्याने भागणाऱ्याला २३.९ हा आकडा मिळतो आणि तोही पर्यायांत ठेवलेला असू शकतो. परीक्षेतल्या तक्त्यात रकमा लाखांत नव्हे, तर मिलियनमध्ये किंवा डोक्यावर ‘£000’ लिहून हजारांत देतात. त्यामुळे प्रश्नाआधी तक्त्याचे शीर्षक वाचण्याची सवय मी सरावातच लावून घेतली आणि चुका तेव्हाच कमी झाल्या.

यानंतर बहुधा रेकॉर्ड केलेली व्हिडिओ मुलाखत होते आणि तीतून पुढे गेलेल्यांना असेसमेंट सेंटरला बोलावतात. तो अर्धा किंवा पूर्ण दिवसाचा कार्यक्रम असतो: मुलाखत, सादरीकरण, लेखी काम आणि गटचर्चा. माझ्या गटात सहा जण होतो आणि दुकानासाठी तीन जागांपैकी एक निवडायला चाळीस मिनिटे होती. प्रत्येकाच्या कागदावर थोडी वेगळी माहिती होती. माझ्याकडे दुसऱ्या जागेचे भाडे दोन वर्षांनी वाढणार असल्याची ओळ होती. भिंतीलगत बसलेले परीक्षक न बोलता लिहीत होते. पहिली पंचवीस मिनिटे दोघेच पहिल्या जागेवर वाद घालत राहिले आणि मी मध्येच बोलणे उद्धटपणाचे वाटून गप्प बसलो. ती ओळ मी अखेरच्या पाच मिनिटांत सांगितली, पण तोपर्यंत दुसरी जागा ठरून गेली होती.

निवड झाली नाही, तेव्हा मी अभिप्राय मागितला. निर्णय चुकला याला त्यांनी महत्त्व दिले नव्हते. हाती असलेली माहिती गटापुढे वेळेवर ठेवली नाही, हे त्यांनी नोंदवले होते. पुढच्या सेंटरमध्ये मी सुरुवातीलाच सुचवले की प्रत्येकाने आपल्या कागदावरचा वेगळा मुद्दा एका मिनिटात सांगावा आणि निर्णयासाठी शेवटची दहा मिनिटे राखून ठेवावीत. त्या योजनेत माझी निवड झाली.